बॅकएंड डेव्हलपरचं कव्हर लेटर: एका प्रोजेक्टचं स्केल आणि तडजोड पाच वाक्यांत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरच्या मराठी मंडळींतली बरीच मुलं-मुली आता विजयनगर, सुपर कॉरिडॉर किंवा घरबसल्या पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांसाठी बॅकएंडचं काम करतात. नोकरी बदलायची वेळ आली की त्यांचे अर्ज माझ्याकडे नजर टाकायला येतात. ऑफिसात मी अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून असेल. प्रश्न तेच तेच असतात, त्यामुळे उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अख्ख्या कव्हर लेटरबद्दल इथे काही नाही. त्यातला एकच परिच्छेद घेतला आहे, ज्यात तुम्ही एका प्रोजेक्टबद्दल बोलता. उदाहरणातली कंपनी आणि तिचे आकडे रचलेले आहेत, पण हिशेब तपासून बघा, तो जुळतो.

रेझ्युमेत प्रोजेक्ट लिहिलेलाच असतो. पत्रात पुन्हा कशाला?

रेझ्युमेत तुम्ही काय वापरलं ते कळतं: जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, रेडिस. दुसरा पर्याय समोर असताना हाच का घेतला, हे तिथे मावत नाही. बॅकएंडच्या मुलाखतीत पाऊण तास त्यावरच बोलणं होतं. पत्रातला परिच्छेद म्हणजे त्या बोलण्याचं पहिलं मिनिट समजा, आणि ते मिनिट कशावर जावं हे ठरवणं तुमच्या हातात असतं.

एकच प्रोजेक्ट का? माझ्याकडे चार चांगले आहेत.

चार लिहिले की प्रत्येकाला एक वाक्य मिळतं, आणि एका वाक्यात फक्त नाव मावतं. ज्यात तुम्हाला काहीतरी सोडावं लागलं असा एक निवडा. सगळंच छान जमून आलेला प्रोजेक्ट या कामाला निरुपयोगी असतो.

स्केल म्हणजे नेमका कोणता आकडा लिहायचा?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो.

देवास नाक्यावरची एक वाहतूक कंपनी घ्या. तिच्या 4,000 ट्रकमध्ये जीपीएसची यंत्रं बसवली आहेत. चालत्या गाडीतलं यंत्र दर 30 सेकंदांनी आपली जागा कळवतं. सेवा सांभाळणाऱ्या मुलाने पत्राच्या पहिल्या खर्ड्यात लिहिलं, "दिवसाला एक कोटीहून जास्त संदेश हाताळणारी हाय-ट्रॅफिक सिस्टीम." गणित वरवर बरोबर दिसतं: मिनिटाला दोन संदेश, दिवसाची 1,440 मिनिटं, 4,000 गाड्या, म्हणजे 1 कोटी 15 लाख.

पण सगळ्या गाड्या चोवीस तास पळत नाहीत. कुठली पिथमपूरला माल भरत उभी असते, कुठल्या गाडीचा ड्रायव्हर ढाब्यावर झोपलेला असतो. उभ्या गाडीचं यंत्र दर 10 मिनिटांनी एकदाच कळवतं. कुठल्याही क्षणी निम्म्या गाड्या उभ्या आहेत असं धरलं, तर चालत्या 2,000 गाड्यांचे मिनिटाला 4,000 संदेश आणि उभ्या 2,000 गाड्यांचे 200. एकूण मिनिटाला 4,200, सेकंदाला 70, दिवसाला सुमारे 60 लाख. म्हणजे एक कोटीचा आकडा जवळपास दुप्पट फुगलेला होता. वाहतुकीच्या धंद्यातला कोणी अर्ज वाचत असेल, तर गाड्या उभ्याही राहतात हे त्याला पहिल्या क्षणी सुचेल.

आता दुसरी गोष्ट. सेकंदाला 70 हा आकडा मोठा नाही. बऱ्यापैकी सर्व्हरवरचा पोस्टग्रेस एवढ्या नोंदी आरामात लिहितो. मग हा प्रोजेक्ट सांगण्यासारखा का? कारण त्रास सरासरीने होत नव्हता. बिजासन घाटात नेटवर्क गेलं की यंत्र संदेश स्वतःच्या मेमरीत साठवतं आणि नेटवर्क आलं की सगळे एकदम पाठवतं. एका गाडीचं हे चालून जातं. पण सर्व्हरच दहा मिनिटं बंद पडला, तर चारही हजार गाड्यांच्या यंत्रांत संदेश साठतात, आणि सर्व्हर उठताक्षणी 42,000 संदेश दारात उभे राहतात. रचना बदलायला लावली ती या 42,000 ने. पत्रात हाच आकडा यायला हवा, आणि 70 त्याच्या शेजारी, म्हणजे फरक दिसेल.

तर नियम म्हणायचा असेल तर एवढाच: ज्या आकड्यामुळे तुम्हाला निर्णय घ्यावा लागला तो लिहा. टेबलात एकूण किती नोंदी आहेत, ॲप किती जणांनी डाउनलोड केलं, किती मायक्रोसर्व्हिसेस आहेत, यांचा निर्णयाशी संबंध नसेल तर त्यांना पत्रात जागा नाही.

आमच्याकडे मॉनिटरिंग नव्हतं. आकडे कुठून आणू?

वरचं गणित पाहिलंत ना, त्यात ग्राफाना कुठे होतं? गाड्या किती, किती वेळाने बोलतात आणि किती उभ्या असतात, एवढ्यावर काम झालं. तुमच्याही प्रोजेक्टमध्ये ग्राहक किती, एक जण दिवसात साधारण किती वेळा काय करतो, आणि गर्दी कोणत्या तासात होते, हे धंद्याच्या माणसाला विचारलं तर कळतं. लोड बॅलन्सरचे किंवा एनजिनएक्सचे लॉग उरले असतील तर गर्दीच्या एका तासातल्या ओळी मोजून 3,600 ने भागा. आलेला आकडा "सुमारे" लावून लिहा. 4,217 पेक्षा "सुमारे 4,200" जास्त विश्वासाचं वाटतं, कारण पहिला कुठून आला हे सांगावं लागतं.

तडजोड कशी सांगायची? कमकुवत बाजू स्वतःहून दाखवल्यासारखं नाही का होत?

नाही. उलट फायदाच फायदा दिसला की वाचणारा सावध होतो. उदाहरण पुढे नेऊ.

जुन्या रचनेत आलेला प्रत्येक संदेश स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिला जायचा. प्रत्येक कमिटला डेटाबेस आपला लॉग डिस्कवर पक्का करतो आणि मगच "झालं" म्हणतो. त्या डिस्कवर, त्यांच्या रचनेत, सेकंदाला साधारण 300 कमिट होत होते. रोजच्या 70 ला ते भरपूर आहेत. पण 42,000 चा तुंबारा आला की 300 मधून चालू 70 वजा जाऊन 230 उरतात, आणि ओसरायला तीन मिनिटं लागतात. कागदावर हेही चाललं असतं. गोची अशी की यंत्र उत्तराची वाट फक्त 10 सेकंद पाहतं आणि तेच संदेश पुन्हा पाठवतं. सर्व्हर मागे पडला म्हणून यंत्रं पुन्हा पाठवतात, आणि ती पुन्हा पाठवतात म्हणून सर्व्हर आणखी मागे पडतो. तीन मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं ते यामुळे.

उपाय असा केला: आलेले संदेश मेमरीतल्या रांगेत घ्यायचे, यंत्राला लगेच पोच द्यायची, आणि दर दोन सेकंदांनी किंवा 500 संदेश जमले की सगळे मिळून एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचे. आता सेकंदाला 2,000 नोंदी सहज लिहिल्या जाऊ लागल्या. इथवरचा भाग झाला फायद्याचा.

सोडलं काय? पोच आधी दिली आणि लिहिलं नंतर. मधल्या वेळात प्रक्रिया मेली तर ते संदेश गेले. यंत्राने पोच मिळाल्यावर ते पुसून टाकलेले असतात, म्हणून ते पुन्हा येणार नाहीत. मुलाने लिहिलं, "सर्व्हर अचानक बंद पडल्यास शेवटच्या दोन सेकंदांचा डेटा जाऊ शकतो." हे वाक्य चांगलं आहे. फक्त ते पूर्ण खरं नव्हतं.

का नव्हतं?

कारण दोन सेकंद हा हिशेब शांत वेळेचा आहे. तेव्हा रांगेत फार तर 140 संदेश असतात. तुंबारा आला की रांगेत हजारो संदेश असतात आणि सगळ्यांना पोच गेलेली असते. त्या वेळी प्रक्रिया मेली तर (आणि मरायची असेल तर ती अशाच वेळी मरते) दोन सेकंदांचा नाही, सगळ्या रांगेचा डेटा जातो. अनुभवी माणूस हे वाक्य वाचेल आणि मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारेल: "रांगेला मर्यादा आहे का?"

मर्यादा होती, पण मुलाला ती लिहिण्याजोगी वाटली नव्हती. रांग 4,000 वर पोचली की सेवा नवीन संदेश नाकारायची आणि 503 उत्तर द्यायची. नकार मिळालेलं यंत्र संदेश स्वतःकडेच ठेवतं आणि थोडं मागेपुढे, वेगवेगळ्या वेळी पुन्हा प्रयत्न करतं. म्हणजे सगळ्यात वाईट वेळी जास्तीत जास्त 4,000 संदेश जातात, त्याहून नाही. पत्रात लिहायचा आकडा हा. तडजोडीचं वाक्य सगळ्यात वाईट तासालाही खरं राहतं का, एवढं तपासलंत तरी तुमचा परिच्छेद इतरांपेक्षा वेगळा दिसेल.

तडजोड कोणी मान्य केली, तेही लिहायचं का?

हो, अर्ध्या वाक्यात. डेटा किती गेला तर चालेल हे डेव्हलपरने एकट्याने ठरवायची गोष्ट नाही. आपल्या उदाहरणात ऑपरेशन्सच्या प्रमुखांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नकाशावर गाडी अर्धा मिनिट दिसली नाही तर आमचं काही अडत नाही. पण कंटेनरचं दार उघडल्याचा संदेश गेला तर विमेवाला मला धरेल." म्हणून दार उघडल्याचा आणि धोक्याच्या बटणाचा संदेश रांगेत टाकलाच नाही. ते जुन्याच पद्धतीने, एकेक करून, आधी लिहून मग पोच. दिवसाला ते फार तर काही हजार असतात, त्यांना ती गती पुरते.

मला हा भाग सगळ्यांत आवडतो. सगळा डेटा सारख्या किमतीचा नसतो, हे मुलाला कळलं आहे असं यातून दिसतं.

मग तयार परिच्छेद कसा दिसतो?

असा:

"एका वाहतूक कंपनीच्या 4,000 ट्रकचे जीपीएस संदेश साठवणारी सेवा मी दोन वर्षं सांभाळतो आहे. सरासरी सेकंदाला 70 संदेश येतात, पण सर्व्हर दहा मिनिटं बंद राहून उठला की सुमारे 42,000 एकदम येतात आणि यंत्रांच्या पुनःप्रयत्नांमुळे जुनी रचना अर्धा तास सावरत नसे. मी एकेक नोंद लिहिण्याऐवजी मर्यादित रांगेतून गठ्ठ्याने लिहिण्याची रचना केली, आता तुंबारा मिनिटभरात ओसरतो. बदल्यात प्रक्रिया अचानक मेली तर जास्तीत जास्त 4,000 संदेश जाऊ शकतात. ऑपरेशन्स विभागाने हे मान्य केलं, आणि दार व धोक्याच्या बटणाचे संदेश आम्ही या मार्गाबाहेर ठेवले. तीन जणांच्या टीमला सांभाळायला जड म्हणून काफ्का घेतला नाही, पण गाड्या दहापट झाल्या तर तो निर्णय बदलावा लागेल."

पाचाची सहा वाक्यं झाली आहेत, चालतं. "मिनिटभरात" का लिहिलं तेही पाहा. 2,000 च्या वेगाने 42,000 ओसरायला हिशेबाने 22 सेकंद लागतात, पण नाकारलेली यंत्रं थांबून-थांबून परत येतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त लागतात. मोजलेलं लिहा, हिशेबातलं नको.

काफ्का घेतला नाही हे सांगून मी मागासलेला ठरणार नाही का?

काफ्का चालवायचा म्हणजे आणखी सर्व्हर, त्यांची देखरेख, आणि रात्री दोनला काही बिघडलं तर त्याची आतली भाषा येणारा माणूस. सेकंदाला 70 संदेशांसाठी तीन जणांच्या टीमने हे अंगावर घेणं म्हणजे डास मारायला तोफ. नाकारलेला पर्याय आणि त्याचं कारण एका वाक्यात आलं की तुम्हाला तो माहीत होता हेही कळतं. मात्र "कधी बदलावा लागेल" हे शेपूट विसरू नका. दहापट गाड्या म्हणजे सरासरी 700, आणि दहा मिनिटांचा तुंबारा 4,20,000 चा. सेकंदाला 2,000 लिहिणाऱ्या एकाच प्रक्रियेला तो उपसायला साडेपाच मिनिटं लागतील, तीही सगळं सुरळीत झालं तर. तेव्हा गाडीच्या क्रमांकानुसार काम वाटावं लागेल आणि टिकाऊ रांग लागेल.

अर्थात तुम्ही अर्ज करता आहात ती कंपनी काफ्कावरच उभी असेल, तर शब्द जपून वापरा. "आमच्या आकाराला गरज नव्हती" म्हणा. "काफ्का उगाच अवघड" असं म्हणू नका.

या परिच्छेदावर मुलाखतीत काय विचारतील?

रांगेबद्दल वर आलंच. दुसरा हमखास प्रश्न: "यंत्र पुन्हा पाठवतं तर एकच संदेश दोनदा नाही का साठत?" त्याचं उत्तर कोडमध्ये तीन ओळींचं आहे:

```sql
INSERT INTO pings (vehicle_id, recorded_at, lat, lon)
VALUES (...), (...), (...)
ON CONFLICT (vehicle_id, recorded_at) DO NOTHING;
```

गाडी आणि यंत्राने नोंदवलेली वेळ मिळून एकच नोंद, दुसरी आली तर गुपचूप सोडून द्या. इथे वेळ यंत्राची हवी, सर्व्हरवर पोचल्याची नाही. नाहीतर तोच संदेश दुसऱ्यांदा आला की नवा दिसतो. यावर कोणी "मग `COPY` का नाही वापरलं, ते तर आणखी वेगवान" असं विचारेल. पोस्टग्रेसच्या `COPY` ला `ON CONFLICT` जोडता येत नाही, हे त्याचं कारण. आधी तात्पुरत्या टेबलात घेऊन मग हलवता येतं, पण एवढ्या आकाराला ती उठाठेव नको होती.

तिसरा प्रश्न जरा खोडकर असतो: "नुसतं `synchronous_commit` बंद केलं असतं तर?" ते बंद केलं की कमिट डिस्कची वाट न पाहता परत येतं. डेटाबेस बिघडत नाही, फक्त सर्व्हर कोसळला तर शेवटचे काही कमिट जाऊ शकतात. पोस्टग्रेसच्या कागदपत्रांनुसार ही खिडकी `wal_writer_delay` च्या तिप्पट, म्हणजे मूळ सेटिंगला 600 मिलिसेकंदांपर्यंत. प्रामाणिक उत्तर असं: काही काळ तेवढ्यावर भागलं असतं, आणि 4,000 पेक्षा बरेच कमी संदेश धोक्यात आले असते. पण प्रत्येक नोंदीला स्वतंत्र फेरी आणि स्वतंत्र ट्रान्झॅक्शन राहिलंच असतं, आणि जास्त संदेश आले की नकार कधी द्यायचा हा प्रश्न तसाच उरला असता. हे उत्तर तयार नसेल तर हा परिच्छेद पाठवू नका. आपण न विचार केलेला साधा पर्याय समोरच्याने काढला की पुढची सगळी मुलाखत सारवासारवीत जाते.

चौथा प्रश्न मी स्वतः विचारतो. घाटातून बाहेर आलेल्या गाडीचे जुने संदेश नव्यांच्या मागून आले, तर नकाशावर गाडी उलटी जाते का? शेवटची जागा ठेवणाऱ्या टेबलात "आधीच्या वेळेपेक्षा नवीन असेल तरच बदल" अशी अट लागते. ज्याने खरंच काम केलं आहे तो इथे हसतो, कारण उलटी पळणारी गाडी त्याने पाहिलेली असते.

"मी" लिहू की "आम्ही"?

जे तुम्ही केलं ते "मी", जे टीमने ठरवलं ते "आम्ही". वरच्या परिच्छेदात दोन्ही आहेत. सगळीकडे "आम्ही" असेल तर तुमचा वाटा कळत नाही, आणि सगळीकडे "मी" असेल तर बाकीचे दोघे काय करत होते असा प्रश्न पडतो.

अपटाइम 99.99 टक्के लिहिलं तर वजन पडेल ना?

आधी हिशेब करा. 99.99 म्हणजे वर्षाला साधारण 53 मिनिटं बंद, सहा महिन्यांत 26. तुमची सेवा सहा महिन्यांत एकदा 40 मिनिटं बंद होती, तर तो आकडा खोटा आहे. 99.9 खरा आहे, त्यात वर्षाला पावणेनऊ तास बसतात. आणि दर आठवड्याला डिप्लॉयमेंटसाठी पाच मिनिटं सेवा बंद ठेवत असाल, तर तीच वर्षाची 260 मिनिटं होतात. अपटाइमपेक्षा "बंद पडलं की किती वेळात सावरतं" हे सांगा, ते तुमच्या कामाबद्दल जास्त सांगतं.

कंपनीशी गोपनीयतेचा करार आहे. आकडे लिहिता येतील का?

ग्राहकाचं नाव नको, नेमका आकडा नको, आतल्या सेवांची नावं नकोत. "काही हजार गाड्या", "रोजच्या सरासरीच्या शेकडो पट गर्दी", "अर्ध्या तासावरून मिनिटावर" एवढ्याने परिच्छेद उभा राहतो, कारण निर्णय आकड्यांच्या प्रमाणातून कळतो. करारात काय झाकायचं ते मात्र स्वतः वाचा, सहकाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. शंका असेल तर जुन्या मॅनेजरला सरळ विचारा. आणि हेही खरं की दुसऱ्याचे आकडे बिनधास्त उघडे करणारा उमेदवार पाहिला की वाचणाऱ्याच्या मनात येतं, हा उद्या आमचेही करेल.

दादा, मी फ्रेशर आहे. एसजीएसआयटीएसचा कॉलेज प्रोजेक्ट आहे, त्याला कसलं स्केल?

स्केल लहान असलं तरी तडजोड खरी असू शकते. एका मुलीने मंडळाच्या नाटकाचं तिकीट बुकिंग केलं होतं. जागा 400, आणि विक्री सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत शंभर-दीडशे लोक एकाच वेळी पुढच्या रांगांवर तुटून पडतात. एकच खुर्ची दोघांना विकली जाऊ नये हा खरा प्रश्न. पैसे भरेपर्यंत खुर्ची पाच मिनिटं अडवून ठेवायची, तर नुसतंच बघणारे लोक चांगल्या जागा अडवतात. अडवायची नाही, तर पैसे भरल्यावर "जागा गेली" असं सांगून परतावा द्यावा लागतो. तिने अडवणं निवडलं, वेळ पाचवरून दोन मिनिटांवर आणली, आणि ज्यांचं यूपीआय अडकतं अशा काही लोकांची जागा त्यात सुटते हे मान्य केलं. चार वाक्यांत एवढं आलं की पुरे.

लोड टेस्ट केली असेल तर "लोड टेस्टमध्ये" हा शब्द वाक्यातच लिहा. स्वतःच्या लॅपटॉपवर, डेटाबेसही त्याच लॅपटॉपवर ठेवून काढलेले "सेकंदाला 10,000 रिक्वेस्ट" कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि ते प्रत्यक्ष वापराचे म्हणून लिहिले असतील तर अर्ज तिथेच बाजूला पडतो.

पत्र तर इंग्रजीत जाणार. मग हे सगळं मराठीत का?

घरी आईला किंवा मित्राला जसं सांगाल तसं आधी मराठीत सांगून पाहा. "स्केलेबल", "रोबस्ट", "हाय परफॉर्मन्स" ही विशेषणं तिथे आपोआप गळतात. मग इंग्रजीत उतरवा.

प्रत्येक कंपनीला हाच परिच्छेद पाठवला तर?

प्रोजेक्ट तोच ठेवा, भर बदला. पैशांच्या व्यवहाराची कंपनी असेल तर "दार आणि धोक्याच्या बटणाचे संदेश वेगळे ठेवले" हा भाग आधी आणा आणि थोडा वाढवा, कारण तिथे 4,000 नोंदी जाऊ शकतात हे वाक्य एकटं वाचलं की माणूस दचकतो. त्याच कंपनीला मी तर सरळ लिहीन की पेमेंटच्या नोंदींसाठी ही रचना वापरणार नाही, तिथे आधी लिहून मगच पोच. लहान स्टार्टअप असेल तर तीन जणांच्या टीमचा आणि काफ्काचा भाग पुढे घ्या. त्यांच्याकडेही माणसं तेवढीच असतात.

लांबी किती असावी?

मोबाइलवर एका स्क्रीनमध्ये मावेल एवढी. पाठवण्याआधी स्वतःच्याच फोनवर उघडून बघा, कारण एचआरवाले बहुतेक वेळा तिथेच वाचतात आणि तिथूनच टेक्निकल माणसाला पुढे ढकलतात.